तांबं महागलं, दर मात्र बांधलेला: पुरवठा करारात दरफरकाचं कलम आणि हार्डशिपचं कलम कसं घालावं

वर्षभराचा दर बांधून पर्चेस ऑर्डर, म्हणजे पीओ स्वीकारली आणि चौथ्या महिन्यात तांबं वीस टक्क्यांनी चढलं, तर तो बोजा कोणी उचलायचा? करारात याबद्दल एक शब्दही नसेल तर पुरवठादाराने. नव्याने कारखाना काढलेल्या अनेकांना हे पटत नाही. बाजार इतका उसळला म्हटल्यावर कायदा काहीतरी दिलासा देईलच, अशी त्यांची समजूत असते. ती आधी सोडावी लागते, कारण पुढची सगळी तयारी त्यावरच अवलंबून आहे.

भारतीय करार कायदा, 1872 मधलं कलम 56 म्हणतं की कराराचं काम अशक्य झालं तर करार रद्द होतो. महाग होणं म्हणजे अशक्य होणं नव्हे. अलोपी प्रसाद विरुद्ध भारत सरकार या खटल्यात, युद्धकाळात लष्कराला तूप पुरवणाऱ्या एजंटांनी परिस्थिती पार बदलल्याचं सांगून वाढीव दर मागितला होता. सर्वोच्च न्यायालयाने 1960 साली तो नाकारला. 2017 मध्ये एनर्जी वॉचडॉग प्रकरणात इंडोनेशियाचा कोळसा महागल्यामुळे वीज कंपन्यांनी सुटका मागितली, तीही मिळाली नाही. आपल्याकडचं न्यायालय तुमच्यासाठी नवा दर लिहून देत नाही. कागदावर जे असेल तेच ते अमलात आणतं.

म्हणून कागदावर दोन वेगवेगळी कलमं हवीत. पहिलं दरफरकाचं, म्हणजे प्राइस व्हेरिएशनचं. कच्च्या मालाचा दर हलला की विक्रीचा दर आपोआप सूत्राने हलतो, कोणाला विनवण्या कराव्या लागत नाहीत. दुसरं हार्डशिपचं. सूत्राच्या आवाक्याबाहेरची उलथापालथ झाली तर दोघांनी बोलणी कशी करायची, ती फिसकटली तर बाहेर कसं पडायचं, हे ते सांगतं. फोर्स मॅज्योरचं कलम या दोन्हींपैकी कुठलंच काम करत नाही. ते पूर, आग, बंदी यांसारख्या गोष्टींसाठी असतं, म्हणजे माल देताच येत नाही अशा वेळी. माल देता येतोय पण तोट्यात जातोय, ही तक्रार त्यात बसत नाही.

पहिली पायरी: आपल्या दराची चिरफाड

उदाहरण म्हणून तांब्याचे बसबार, म्हणजे पॅनलमध्ये वीज वाहून नेणाऱ्या पट्ट्या घेऊ. इलेक्ट्रिक पॅनल बनवणाऱ्या कंपनीला एक छोटा कारखाना महिन्याला 200 सेट देतो, दर सेटला 10,000 रुपये, करार बारा महिन्यांचा. एका सेटला 8 किलो तांब्याची पट्टी लागते. किलोला 850 रुपये धरले तर 6,800 रुपये. कापताना आणि पंच मारताना 0.8 किलो भंगार निघतं, ते 700 रुपयांनी विकलं की 560 रुपये परत येतात. म्हणजे तांब्याचा निव्वळ खर्च 6,240. मजुरी 1,500. कथिलाचा मुलामा, वीज, वाहतूक आणि इतर खर्च 1,360. उरला नफा 900.

आता तांबं 850 वरून 1,020 वर गेलं. पट्टीचा खर्च 1,360 रुपयांनी वाढतो. भंगारालाही जास्त भाव मिळतो, समजा किलोला 140 रुपये जास्त, म्हणजे 112 रुपये परत. निव्वळ वाढ 1,248 रुपये. नफा 900 होता, म्हणजे आता प्रत्येक सेटमागे 348 रुपये खिशातून जातात. 200 सेटला महिन्याला 69,600. हा हिशेब क्वोटेशन पाठवण्याआधी एकदा मांडून ठेवलेला असला पाहिजे, कारण सूत्रातले आकडे यातूनच निघतात. भंगार विसरू नका. खरेदीदाराचा माणूस जाणकार असेल तर तो पहिला प्रश्न भंगाराचाच विचारतो, आणि ते तुम्ही लपवलंत असं त्याला वाटलं की बाकीच्या आकड्यांवरचाही त्याचा विश्वास उडतो.

दुसरी पायरी: सूत्र

वरच्या चिरफाडीत तांब्याचा वाटा साधारण 62 टक्के आहे, मजुरीचा 15. उरलेले 23 टक्के स्थिर ठेवायचे. त्यात इतर खर्च आणि नफा येतो, आणि नफा महागाईबरोबर वाढत नाही हे खरेदीदारालाही पटतं.

```
P = P0 × (0.23 + 0.62 × C/C0 + 0.15 × L/L0)
```

P0 हा मूळ दर, P नवा दर. C0 आणि C म्हणजे तांब्याचा पायाभूत आणि चालू भाव. L0 आणि L म्हणजे श्रम ब्युरोचा औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक, तेव्हाचा आणि आताचा. कंसातल्या तिन्ही वाट्यांची बेरीज बरोबर 1 यायला हवी. ती येत नसेल तर भाव जसाच्या तसा असतानाही दर बदलतो, आणि अशी चूक सही झाल्यावरच सापडते.

तांबं 850 चं 1,020 झालं तर C/C0 = 1.2. निर्देशांक 140 वरून 143.5 वर गेला तर L/L0 = 1.025. कंसात 0.23 + 0.744 + 0.15375, म्हणजे 1.12775. नवा दर 11,277.50 रुपये. यात तांब्यापोटी 1,240 रुपये मिळाले, प्रत्यक्ष वाढ 1,248 होती. एवढं जुळलं की वाटे बरोबर धरलेत. सूत्र खर्चाच्या शंभर रुपये वर किंवा खाली जात असेल तर परत पहिल्या पायरीवर जा. मुलामा चांदीचा असेल तर चांदीला सूत्रात वेगळा वाटा द्यावा लागतो. ती स्थिर भागात ढकलून चालत नाही.

सूत्र दोन्ही बाजूंनी चाललं पाहिजे. तांबं उतरलं तर दर उतरेल, हे स्वतःहून लिहा. फक्त वर जाणारं सूत्र खरेदी विभाग मान्य करत नाही, आणि केलं तरी पहिल्याच मंदीत करार मोडायला निमित्त शोधतो.

तिसरी पायरी: कुठला भाव, कुठल्या महिन्याचा

खरे पैसे इथे जातात, म्हणून इथे थोडं थांबू.

भावाचा स्रोत असा हवा की तो दोघांपैकी कोणाच्याच हातात नसेल आणि नियमित छापला जात असेल. विद्युत उद्योगात आयईईएमए ही उत्पादकांची संघटना दर महिन्याला तांबं, ॲल्युमिनियम वगैरेंचे पायाभूत भाव प्रसिद्ध करते. वीज कंपन्या आणि पॅनलवाले ते सहसा मान्य करतात. लंडन मेटल एक्स्चेंजचा भाव घ्यायचा असेल तर तो डॉलरमध्ये असतो हे ध्यानात ठेवा. नुसतं 'एलएमई प्रमाणे' लिहिलं आणि रुपया घसरला तर ती घसरण तुमच्या माथी. म्हणून एलएमईची मासिक सरासरी, गुणिले त्याच महिन्याच्या डॉलरच्या संदर्भ दराची सरासरी, असं पूर्ण लिहायचं. 'बाजारभावाप्रमाणे' हा शब्द तर कलमात येऊच देऊ नका. कुठला बाजार, कुठला दिवस, यावर वाद घालायला तो मोकळं रान देतो.

पायाभूत महिना हा दुसरा सापळा. समजा 10 जूनला क्वोटेशन दिलं, त्यात मे महिन्याचा 850 चा भाव धरला. पीओ आली ऑगस्टमध्ये, तोवर तांबं 900 वर. खरेदी विभागाने छापील नमुन्यात C0 म्हणून पीओच्या महिन्याचा भाव घातला. आता तांबं 1,020 ला गेल्यावर C/C0 1.2 न येता 1.133 येतो, आणि तांब्यापोटी 1,240 ऐवजी सुमारे 827 रुपये मिळतात. सेटमागे 413 रुपये गेले, आणि सूत्र तर दिसायला अगदी बरोबर आहे. नियम एकच: P0 ज्या महिन्याच्या भावावर काढला, C0 त्याच महिन्याचा. क्वोटेशनमध्येच तो महिना आणि तो आकडा दोन्ही छापा.

चालू भाव कुठल्या महिन्याचा हे तुमच्या साठ्यावर ठरतं. पट्टी आणल्यापासून माल पाठवेपर्यंत तीस दिवस जात असतील तर पाठवणीच्या आधीच्या महिन्याची सरासरी घ्या, साठ दिवस जात असतील तर त्याही आधीच्या महिन्याची. आणि माल उशिरा गेला तर काय? बहुतेक खरेदीदार लिहितात की पुरवठादाराच्या चुकीने उशीर झाल्यास वाढ मूळ तारखेपर्यंतचीच मिळेल, घट मात्र प्रत्यक्ष तारखेपर्यंत कापली जाईल. हे मान्य करायला हरकत नाही. पण ड्रॉइंगची मंजुरी किंवा तपासणी खरेदीदाराकडून रखडली तर ती मूळ तारीख तेवढी पुढे सरकेल, हे वाक्य त्याला जोडूनच घ्या.

भाव छापलाच गेला नाही तर? हा प्रश्न काल्पनिक नाही. 8 मार्च 2022 ला निकेल टनाला एक लाख डॉलरच्या पुढे गेलं, लंडन मेटल एक्स्चेंजने व्यवहार थांबवले, त्या दिवशी झालेले सौदे रद्द केले, आणि बाजार 16 मार्चला पुन्हा उघडला. स्टेनलेस स्टीलचा माल निकेलच्या भावाला बांधलेल्या करारांत त्या दिवसांचा भाव कोणता धरायचा हा पेच पडला. म्हणून एक पर्यायी स्रोत आणि 'छापलेला शेवटचा वैध भाव तात्पुरता लागू, नंतर फरक चुकता' एवढं लिहून ठेवा. निर्देशांकाचं पायाभूत वर्ष बदललं तर अधिकृत जोड गुणांक वापरायचा, आणि हंगामी आकडा नंतर सुधारला तर बिलही सुधारायचं, हेही त्याच परिच्छेदात येऊ द्या.

चौथी पायरी: उंबरठा आणि कमाल मर्यादा

दर महिन्याला दोन-चार रुपयांसाठी बिलं बदलणं कोणालाच नको असतं, म्हणून उंबरठा ठेवतात. उदाहरणार्थ, भाव 5 टक्क्यांपेक्षा जास्त हलला तरच दरफरक. पण पाच ओलांडल्यावर सगळा फरक मिळणार की फक्त पाचच्या वरचा? आपल्या उदाहरणात तांबं 20 टक्के वाढलं. सगळा फरक धरला तर 1,240 रुपये, पाचच्या वरचाच धरला तर 930. महिन्याच्या 200 सेटना 62,000 रुपयांचा फरक, तोही एका शब्दामुळे. 'उंबरठा ओलांडल्यास पायाभूत भावापासूनचा संपूर्ण फरक लागू' असं स्पष्ट लिहा. खरेदीदार अडून बसला तर उंबरठा 2 टक्क्यांवर आणा आणि वरचाच फरक स्वीकारा. त्यात तुमचं नुकसान बरंच कमी आहे.

कमाल मर्यादाही खरेदीदार मागतो, म्हणजे दर 15 किंवा 20 टक्क्यांपेक्षा वर जाणार नाही. ती आर्थिक अंदाजपत्रकासाठी त्याला हवी असते, आणि मागणी वाजवी आहे. फक्त ती एकटी स्वीकारायची नाही. मर्यादेपर्यंत पोचल्यावर पुढे काय, याचं उत्तर करारात नसेल तर मर्यादेच्या वरची सगळी वाढ पुन्हा तुमच्यावर येते. तिथूनच हार्डशिपचं कलम सुरू व्हायला हवं.

पाचवी पायरी: हार्डशिपचं कलम

या कलमात सर्वांत जास्त चूक होते ती गोड शब्दांची. 'दोन्ही पक्ष सद्भावनेने चर्चा करतील' एवढ्यावर थांबलेलं कलम जवळजवळ निरुपयोगी असतं. करार कायद्याच्या कलम 29 प्रमाणे ज्याचा अर्थ निश्चित करता येत नाही असा करार शून्य ठरतो, आणि चर्चा करण्याच्या वचनातून नवा दर निघत नाही. चर्चा फसली तर पुढे नेमकं काय, हे लिहिलेलं असेल तरच समोरचा टेबलावर येतो.

आपल्या बसबारच्या करारात ते असं लिहिता येईल:

'C/C0 हे गुणोत्तर सलग दोन महिने 1.25 पेक्षा जास्त किंवा 0.75 पेक्षा कमी राहिल्यास कोणताही पक्ष कागदपत्रांसह लेखी नोटीस देऊ शकेल. नोटिशीनंतर 30 दिवसांत दोघे नवा दर ठरवतील. या काळात पुरवठा चालू राहील आणि सूत्राने येणारा दर मर्यादा न लावता तात्पुरता दिला जाईल. दर ठरला नाही तर दोघांनी आधीच नेमलेल्या स्वतंत्र कॉस्ट अकाउंटंटने 21 दिवसांत दिलेला दर बंधनकारक राहील. तो मान्य नसलेला पक्ष 60 दिवसांच्या नोटिशीने उरलेल्या मालापुरता करार संपवू शकेल. अशा समाप्तीसाठी कोणालाही नुकसानभरपाई द्यावी लागणार नाही. समाप्तीपर्यंतचा माल त्याच दराने दिला व घेतला जाईल. नवा दर नोटिशीच्या तारखेपासून लागू धरला जाईल.'

यातला प्रत्येक तुकडा कशासाठी आहे ते पाहा. आकड्यातला ट्रिगर असल्यामुळे 'ही खरंच असाधारण वाढ आहे का' हा वाद टळतो. सलग दोन महिने म्हटल्याने आठवड्याभराच्या उसळीवर कलम पेटत नाही. पुरवठा चालू ठेवण्याची अट खरेदीदाराची भीती घालवते, आणि तात्पुरता दर तुमची. शेवटच्या वाक्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. ते नसेल तर खरेदीदाराला बोलणी लांबवण्यातच फायदा असतो, कारण लांबवलेला प्रत्येक दिवस जुन्या दराने जातो.

दुसऱ्या कलमाच्या आडोशाला हार्डशिप लपवू नका. ऑइल इंडियाच्या आसाममधल्या विहिरी खोदण्याच्या करारात डिझेल महागलं, तेव्हा कंत्राटदार कंपनीने 'कायद्यातील बदल' या कलमाखाली वाढ मागितली. लवादाने ती दिलीही, पण 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती टिकली नाही. डिझेलचा धोका असेल तर कलमात डिझेल हा शब्दच हवा.

सरकारी निविदेत हे सगळं मागण्याची सोय कमी असते. 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांतला नियम 225 सांगतो की पुरवठ्याची मुदत 18 महिन्यांच्या पुढे असेल अशा दीर्घ करारातच दरफरकाचं कलम घालावं, अल्प मुदतीत दर पक्का असावा. अशा निविदेत संरक्षण कलमात नाही, खरेदीत शोधावं लागतं: क्वोटेशनची वैधता कमी ठेवणं आणि पीओ मिळाल्याच्या दिवशी पूर्ण तांबं बुक करणं. एमसीएक्स या वायदे बाजारात हेज करायचं, म्हणजे पुढचा भाव आजच बांधून ठेवायचा म्हटलं तर तांब्याचा एक लॉट 2,500 किलोचा असतो. आपल्या उदाहरणात महिन्याची गरज 1,600 किलो आहे, म्हणजे ते महिन्याच्या हिशेबाने बसत नाही, तीन-चार महिन्यांचा एकत्र विचार करावा लागतो.

युरोपात माल जात असेल तर कराराला कुठला कायदा लागू आहे ते वाचा, कारण तिकडे चित्र वेगळं आहे. फ्रान्सच्या नागरी संहितेत 2016 पासून कलम 1195 आहे. त्याखाली न अंदाजता येणाऱ्या बदलामुळे कराराचं पालन अतोनात महाग झालं, तर पुन्हा बोलणी मागता येतात आणि शेवटी न्यायालय करार बदलूही शकतं. बेल्जियमच्या सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये, पोलादाच्या नळ्यांच्या ठरलेल्या दराच्या करारात, पोलाद 70 टक्क्यांनी महागल्यावर फेरबोलणीचं कर्तव्य मान्य केलं होतं, कलम नसतानाही. भारतीय कायदा लागू असलेल्या करारात या निर्णयाच्या भरवशावर बसता येत नाही.

कलमच नसेल आणि भाव चढला असेल तर

आधी पीओ नीट वाचा आणि एक गोष्ट शोधा: खरेदीदाराने ठरावीक संख्या घेण्याचं वचन दिलंय, की फक्त दर ठरवलाय आणि लागेल तसं शेड्युल पाठवणार आहे? दुसऱ्या प्रकाराला आपण रेट कॉन्ट्रॅक्ट म्हणतो, आणि तो बऱ्याचदा नुसता खुला देकार असतो. मुंबई उच्च न्यायालयाने 1899 मध्येच, बंगाल कोल कंपनी विरुद्ध होमी वाडिया या कोळशाच्या खटल्यात, असा देकार न मागवलेल्या मालापुरता मागे घेता येतो असं सांगितलं. मागवलेला माल मात्र जुन्या दरानेच द्यावा लागतो. तुमचा करार या प्रकारचा असेल तर तुमची बोलणी करण्याची ताकद एकदम वाढते. हा भाग वकिलाला पीओ दाखवून पक्का करा, अंदाजाने पत्र पाठवू नका.

संख्या बांधलेली असेल तर पुरवठा थांबवणं ही सगळ्यात महागात पडणारी चाल आहे. खरेदीदार माल दुसरीकडून चढ्या भावाने घेतो आणि करार कायद्याच्या कलम 73 खाली तो फरक तुमच्याकडून मागतो. उशिराचा दंड वेगळा. त्याऐवजी पुरवठा चालू ठेवून लेखी पत्र द्या. सोबत क्वोटेशनच्या महिन्यातलं आणि आत्ताचं पट्टीचं खरेदी बिल, एका सेटचा वरच्यासारखा हिशेब, भंगारासह, आणि जुन्या दराचा किती साठा शिल्लक आहे तो आकडा जोडा. साठा लपवून पूर्ण वाढ मागितलेली पत्रं पहिल्याच बैठकीत पडतात.

मागणी फक्त 'दर वाढवा' एवढीच ठेवू नका. तांबं खरेदीदाराने द्यावं आणि तुम्ही जॉब वर्क करावं, हा पर्याय मोठ्या कंपनीला अनेकदा सोपा वाटतो, कारण तिला तांबं तुमच्यापेक्षा स्वस्त मिळतं. पेमेंट 45 दिवसांऐवजी 15 दिवसांत आलं तरी व्याजाचा भार हलका होतो. काही शेड्युल पुढे ढकलणं हाही मार्ग आहे.

तडजोड झाली की ती पीओच्या लेखी दुरुस्तीत उतरवा: दुरुस्ती क्रमांक, लागू तारीख, अधिकार असलेल्या माणसाची सही. तोंडी होकार किंवा व्हॉट्सॲपवरचा अंगठा त्या माणसाची बदली झाली की संपतो. त्याच कामासाठी नुसते जास्त पैसे देण्याच्या वचनाला मोबदला कुठे आहे, असा आक्षेप पुढे येऊ शकतो. म्हणून दुरुस्तीत तुमच्याकडूनही काहीतरी लिहा, जसं की तीन महिन्यांची वाढीव मुदत किंवा पुढच्या काळासाठी घसरणीचाही लाभ देणारं सूत्र.

वाढ मंजूर झाल्यावर आधी गेलेल्या मालाच्या फरकाची जीएसटीसह डेबिट नोट काढा आणि मूळ बिलांचे क्रमांक तिच्यात द्या. दर उतरला तर तुम्हाला क्रेडिट नोट द्यावी लागेल, आणि तिच्यावरचा कर कमी करून घ्यायचा असेल तर आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या 30 नोव्हेंबरची मर्यादा पाळावी लागते. शेवटच्या बिलाबरोबर 'आता कोणतीही मागणी शिल्लक नाही' असं छापलेलं पत्र सहीसाठी येतं. दरफरकाचा एकही रुपया बाकी असेल तर त्यावर सही करण्याआधी ती रक्कम आणि डेबिट नोटचा क्रमांक त्याच पत्रावर हाताने लिहा, आणि एक प्रत शिक्का मारून परत घ्या.